नव्वद दिवसांची उधारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या कंपनीशी पुरवठ्याचा करार करताना लघुउद्योजक दरासाठी नेटाने घासाघीस करतो, परंतु ‘पैसे नव्वद दिवसांनी’ ही अट म्हणजे कंपनीचे न बदलणारे धोरण आहे, असे गृहीत धरून ती निमूटपणे मान्य करतो. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत, लेखी करार असला तरीही, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर ती 15 दिवसांची असते. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने, व्याज देय होते. हे संरक्षण मध्यम उद्योगाला नाही. म्हणून उद्यम नोंदणी करारापूर्वीच झालेली असावी आणि तिचा क्रमांक परचेस ऑर्डरवर व बिलावर यावा, हे पुरवठादाराने पाहिले पाहिजे.

कायदा पाठीशी आहे, तेव्हा करारात वेगळे काही मागण्याची गरज नाही, हा याच्या उलट टोकाचा गैरसमज. थकलेल्या पैशांसाठी सुकरता परिषदेकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी राज्य शासनाने नेमलेल्या मंडळाकडे, दाद मागता येते. परंतु ज्या ग्राहकाकडून पुढच्या महिन्याची ऑर्डर यायची आहे त्याच्याविरुद्ध तेथे जाण्यास बहुतेक उद्योजक धजत नाहीत, आणि त्यांची ही अडचण खरी आहे. म्हणून कायद्याचा आधार वाटाघाटीच्या टेबलावर घ्यावा, आणि तोही धमकीच्या सुरात नव्हे. आयकर कायद्यात 2023 साली आलेल्या तरतुदीमुळे, ठरलेल्या मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येते. त्याच आर्थिक वर्षात उशिरा पैसे दिले तर त्याचे फारसे बिघडत नाही, परंतु वर्षाअखेरीस थकलेल्या बिलांवर त्याचा त्या वर्षीचा कर वाढतो. खरेदी अधिकाऱ्याला बहुधा दर दिसतो, तर लेखा विभागाला हा कर दिसतो. त्यामुळे मुदतीची चर्चा दोघांच्या उपस्थितीत आणि दर पक्का होण्यापूर्वी व्हावी.

मुदत कमी हवी असेल तर दर बराच खाली आणावा लागतो, ही समजूतही हिशेबाला उतरत नाही. भोसरीतील यंत्रभाग घडवणारी एक लघु कार्यशाळा कल्पिली, जिचे महिन्याचे बिल 10 लाख रुपये आहे आणि जी कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, वर्षाला 12 टक्के व्याज भरते, तर नव्वदऐवजी पंचेचाळीस दिवसांनी पैसे मिळाल्यास तिचे प्रत्येक बिलामागे सुमारे 14,800 रुपये व्याज वाचते. म्हणजे दीड टक्क्यापेक्षा अधिक सूट दिल्यास तिचा तोटा होतो. मोठ्या कंपनीला पैसा 8 टक्क्यांनी मिळत असेल तर तेवढेच दिवस लवकर पैसे देण्याचा तिचा खर्च सुमारे एक टक्का येतो. या दोन आकड्यांमधली कोणतीही सूट, उदाहरणार्थ सव्वा टक्का, दोघांच्याही फायद्याची ठरते. कंपनी पहिल्याच बैठकीत दोन टक्के मागते तेव्हा तो आकडा लहान वाटतो, परंतु 45 दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, अर्थात बँकेच्या कर्जापेक्षा महाग. शिवाय अधिनियमाचे संरक्षण असलेल्या पुरवठादाराकडून 45 दिवसांसाठी सूट मागणे म्हणजे कायद्यानेच मिळणाऱ्या हक्काची किंमत मागणे होय. सूट द्यायचीच असेल तर ती तीस किंवा पंधरा दिवसांसाठी द्यावी.

सर्वांत कमी लक्ष जाते ते दिवस कधीपासून मोजायचे याकडे. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे, माल पोचल्यापासून, की लेखा विभागात बिल नोंदले गेल्यापासून, हे लिहिले नसेल तर पंचेचाळीसचे सत्तर दिवस सहज होतात, कारण जीआरएन, म्हणजे गोदामातील माल-पोच पावती, तपासणीत अडकते आणि त्यानंतर पैसे महिन्यातील ठरावीक तारखांनाच सुटतात. अधिनियमानुसार माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते; हेच वाक्य करारात उतरवून घ्यावे. त्याचबरोबर परचेस ऑर्डरच्या मागे छापलेल्या सर्वसाधारण अटींपेक्षा या कराराच्या अटी वरचढ राहतील, असेही कलम असावे.

इतके होऊनही चूक राहते ती संगणकात. कंपनीच्या प्रणालीत पुरवठादाराच्या खात्यावर जुनी नव्वद दिवसांची मुदत तशीच राहिली असेल तर करारात काहीही लिहिलेले असले तरी बिलाची देय तारीख त्या जुन्या मुदतीनेच निघते. म्हणून पहिले बिल नोंदले जाताच प्रणालीत पडलेली देय तारीख लेखा विभागाकडून लेखी मागवावी आणि ती चुकली असल्यास दुसरा माल रवाना होण्याआधी दुरुस्त करून घ्यावी.