पत्रिकेवर उमटलेला ‘fookg’

लग्नपत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘शुभ विवाह’ असायला हवं होतं. छापून आलं ‘शुभ fookg’. घरच्यांनी प्रूफ व्हॉट्सॲपवर पाहिलं होतं आणि ते निर्दोष होतं. पण ते डिझायनरच्या संगणकावरून पाठवलेलं चित्र होतं. प्रेसकडे गेली मूळ फाइल.

त्या फाइलमध्ये ‘शुभ’ युनिकोडमध्ये होतं, ‘विवाह’ मात्र जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये. कृतिदेवमध्ये संगणक मराठी अक्षरं साठवतच नाही. तो f, o, o, k, g साठवतो आणि फॉन्ट त्यांच्या जागी वेलांटी, व, व, काना, ह अशी चित्रं दाखवतो. प्रेसमध्ये तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडताना पर्यायी फॉन्टची सूचना आली, ऑपरेटरने सवयीने ‘ओके’ दाबलं आणि मुखवट्यामागची रोमन अक्षरं बाहेर आली. लग्नसराईत ती सूचना वाचतो कोण!

युनिकोडमध्ये फॉन्ट बदलला तर बहुधा वळण बदलतं. देवनागरी नसलेला फॉन्ट मिळाला तर चौकोन दिसतात. प्रेसला फाइल देण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये बदलला, तर फॉन्टची गरजच उरत नाही. मात्र मग तो टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी. शेवटचं प्रूफ प्रेसच्याच यंत्रावरून कागदावर काढून घ्यावं.