वायफायचं नाव आणि रिकाम्या चौकटी

राउटरला ‘जोशींचे घर’ असं नाव दिलं. मोबाइलवर ते नीट दिसतं, पण जुन्या प्रिंटरच्या यादीत रिकाम्या चौकटी किंवा `à¤` अशी चिन्हं उमटतात. असं का होतं?

वायफायच्या नावाला ३२ बाइट्सची मर्यादा असते. हवेतून अक्षरं जात नाहीत, फक्त हे बाइट्स जातात. ते कसे वाचायचे, हे सांगणारी खूण वायफायच्या मानकात बरीच उशिरा आली, आणि जुनी उपकरणं ती पाहतच नाहीत. चौकटी दिसल्या, तर उपकरणाकडे देवनागरीचा फॉन्ट नाही. `à¤` वारंवार दिसलं, तर ते बाइट्स युरोपीय अक्षरं समजून वाचतंय.

दुसरी अडचण लांबीची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत अक्षर, मात्रा, अनुस्वार या प्रत्येकाला तीन आणि बहुतेक इमोजींना किमान चार. ‘जोशींचे घर’ २८ बाइट्समध्ये बसतं. ‘देशपांडे कुटुंब’ मात्र ४३ होतं, म्हणून राउटर ते नाकारतो किंवा मधेच तोडतो.

आपल्या लिपीतलं नाव हवंसं वाटणं अगदी रास्त आहे. घरात फक्त नवे मोबाइल असतील, तर ते खुशाल ठेवा. पण प्रिंटर, कॅमेरा, स्मार्ट बल्ब जोडायचे असतील, तर `Joshi-Ghar` हेच सुरक्षित: इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, बाकी काही नाही. नाव बदलल्यावर प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं, तेव्हा हा निर्णय राउटर बसवतानाच घ्या.