ऑर्डर झाली, पण शब्द कुणाकडे गेला?

गच्चीवर सौर पॅनेल बसवायला आलेल्या फिटरला घरमालक विचारतो, "तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही का?" हा प्रश्न कानावर आला की समजावं, ऑर्डर पोहोचली पण बोलणं मागेच राहिलं. 'ते' म्हणजे ऑर्डर घेऊन गेलेला सेल्सवाला. तो एव्हाना दुसऱ्याच गावात कुणाच्या तरी गच्चीची मापं घेत असतो.

२०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली आणि घरगुती सौरऊर्जेच्या ऑर्डरी वाढल्या. या धंद्यात विकणारा एक आणि बसवणारा दुसरा, हे नेहमीचंच. कधी कधी बसवणारी टीम तर कंत्राटावरची असते. त्यामुळे दोघांच्या मधल्या फटीत काय काय पडतं, ते इथे लख्ख दिसतं.

समजा, साताऱ्याकडचा एक बंगला आहे. तीन किलोवॅटची ऑर्डर. सेल्सवाल्याने चहा पिता पिता तीन गोष्टी कबूल केल्या. स्ट्रक्चर उंच करू, खालून फिरता येईल, वाळवणं घालता येतील. बिल शून्यावर येईल. आणि मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, वडील हयात नाहीत, तरी सबसिडीचं "होऊन जाईल". ऑफिसला गेलेल्या फॉर्मवर मात्र एवढंच: ३ किलोवॅट, सबसिडीसह, अॅडव्हान्स जमा.

ऑफिसने नेहमीचं बुटकं स्ट्रक्चर काढलं. ते गच्चीपासून दोन-तीन फुटांवर राहतं. माणूस खालून जायचा तर सात-आठ फूट उंची हवी, आणि उंची वाढली की वारा पॅनेलना जास्त उचलतो. म्हणून पाइप जाड लागतात, तिरके आधार लागतात, खालचे काँक्रीटचे ठोकळे वजनदार लागतात. खर्च वाढतो, आणि तो कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो. मग काय होतं? शब्द उघडपणे कुणी मोडत नाही, तो स्वस्तात पाळला जातो. आहे त्याच पायांना बारीक पाइप जोडून उंची वाढवली जाते. ग्राहक खूश होतो, आणि पहिल्या वादळी पावसात स्ट्रक्चर खडखडायला लागतं. मला तरी सरळ नकारापेक्षा हे वाईट वाटतं.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे; फक्त त्याची वेळ चुकता कामा नये. अॅडव्हान्स आल्यावर, पण मालाची ऑर्डर देण्याआधी, सेल्सवाला, साईट इंजिनीअर आणि कागदपत्रं बघणारी व्यक्ती एकत्र बसतात. सेल्सवाला बोलतो, लिहून घेतो तो इंजिनीअर. हे उलटं करू नये. विकणाऱ्याने भरलेल्या फॉर्मवर त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच उतरतं. इंजिनीअरने एक प्रश्न हमखास विचारावा: ग्राहकाने कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली? या घरात त्याचं उत्तर 'वाळवणं' असं येईल आणि उंचीचा मुद्दा तिथेच वर येईल. सोबत गच्चीचे फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणंही घ्यावं, कारण बरीच आश्वासनं तिथेच दिलेली असतात.

मग प्रत्येक शब्दाचं काय करायचं ते ठरतं. उंच स्ट्रक्चर पैशाने सुटतं. फरक कोण सोसणार एवढंच ठरवायचं. वडिलांच्या नावाचा प्रश्न पैशाने सुटत नाही. वीजबिल ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावाने लागतो. म्हणून आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यावं लागतं, आणि तीन किलोवॅटला मिळणारी ७८ हजारांची सबसिडी तोवर थांबते. कबूल केलेल्या तारखेत हा वेळ धरलेला नसेल तर तारीखच खोटी.

शून्य बिलाचं आश्वासन पाळताच येत नाही. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरली तर महिन्याला साधारण ३६० होतात, पावसाळ्यात बरीच कमी. वापर त्याहून कमी असला तरी बिलातला स्थिर आकार राहतोच. हे ग्राहकाला सांगायचं कुणी? बहुतेक ठिकाणी ते फिटरच्या गळ्यात पडतं. सांगायला हवं ते ज्याने शब्द दिला त्याने, माल गाडीत चढण्याआधी, इंजिनीअरला फोनवर सोबत घेऊन. त्याच फोनवर इंजिनीअरने उरलेली यादी ग्राहकाला वाचून दाखवावी आणि नंतर लेखी पाठवावी. "अजून एक राहिलं" असं ग्राहक म्हणाला, तर तो फोन सार्थकी लागला.

सेल्सवाल्याला पूर्ण कमिशन ऑर्डरच्या दिवशीच मिळत असेल, तर या अर्ध्या तासात त्याचं लक्ष लागणं कठीण. नेट मीटर लागेपर्यंत काही भाग राखून ठेवणं हा एक मार्ग आहे. पण मीटरचा उशीर बऱ्याचदा महावितरणच्या हातात असतो, आणि त्याची शिक्षा विकणाऱ्याला देणं बरोबर नाही. त्यापेक्षा राखलेली रक्कम त्या यादीला जोडावी: बसवताना यादीबाहेरचं आश्वासन निघालं नाही, तर पॅनेल उभी राहिली त्याच आठवड्यात ती द्यावी.