'आलोच!' म्हणणारा अजून घरातच

इंदुरात राजवाड्यासमोर उभं राहून मित्राला फोन लावा. पलीकडून उत्तर येतं, "आलोच!" त्या क्षणी हा पठ्ठ्या घरात बुटाची नाडी बांधत असतो. मग आला कोण?

हेच इंग्रजीत 'आय केम' म्हणून नेलं, तर ऐकणारा इंग्रज मागे वळून बघेल. त्याला हवं 'आय ॲम कमिंग'. इंदूरचा हिंदी शेजारी मात्र गोंधळत नाही, कारण तोही 'अभी आया' म्हणतो.

आता हे ऐका: "उद्या पाऊस आला तर येणार नाही." पाऊस उद्याचा, क्रियापद भूतकाळाचं! इंग्रजी इथे वर्तमानकाळ लावते, 'इफ इट रेन्स'. 'इफ इट रेन्ड' म्हटलंत, तर पाऊस येण्याची फारशी शक्यता नाही असा वास त्या वाक्याला येतो.

ही जादू 'आलो', 'आला' यांतल्या 'ल'ची आहे. संस्कृत 'गत', म्हणजे गेलेला. प्राकृतात त्याचा 'त' झिजला, शेपटाला 'इल्ल' चिकटलं आणि झालं 'गेला'. म्हणजे हे मुळात विशेषणच! म्हणून तर 'आला, आली, आलं' असं लिंग बदलतं. आणि "मी पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली" म्हणताना क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, ताटाकडे बघतं. मोरो केशव दामल्यांनी आपल्या व्याकरणात या रूपाला प्रत्ययावरून 'लाख्यात' म्हटलं. काळाचं नाव त्याच्या गळ्यात बांधलं नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. 'ल' सांगतो, काम पुरं झालं किंवा झाल्यातच जमा आहे. केव्हा, ते बाकीचं वाक्य सांगतं.

इंग्रजी बोलतानाची आपली सगळ्यात हट्टी चूक इथूनच निघते. "मी काल सराफ्यात जाऊन आलो आहे." मराठीत बिनधोक. शेवटचं 'आहे' एवढंच सुचवतं की आज पुन्हा नेऊ नका. आपण लगेच त्या 'आहे'च्या जागी 'हॅव' बसवतो: 'आय हॅव गॉन टू सराफा यस्टरडे'. पण इंग्रजीचं 'हॅव' आजच्या खुंटीला बांधलेलं असतं, त्याला 'काल' चालत नाही. म्हणून वाक्यात काल, परवा, 2019 साली असा संपलेला वेळ दिसला, की 'हॅव' काढायचं: 'आय वेंट टू सराफा यस्टरडे'. वेळ सांगायचीच नसेल तर 'हॅव' ठेवा, पण 'गॉन' नको, 'बीन' घ्या. 'ही हॅज गॉन टू सराफा' म्हणजे स्वारी अजून तिथेच, बहुधा गराडूच्या ठेल्यापाशी.

आणि निरोप घेताना? दारात चपला घालत आपण म्हणतो, "बरंय, येतो."