‘आंबे छान होते’ याच्या पुढचं: ग्राहकाच्या अनुभवाचा व्हिडिओ कसा घ्यावा?



आमच्या शाळेतल्या काही मातांचा बचत गट आहे. त्यांनी पहिल्यांदाच हापूसच्या दोन-दोन डझनांच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवल्या. हंगाम थोड्या दिवसांचा, त्यामुळे पुढच्या ऑर्डरी लगेच हव्या होत्या. “बाई, तुम्ही मुलांना मुलाखत शिकवता, मग आम्हाला ग्राहकाचा एक व्हिडिओ करून द्या,” असं त्या म्हणाल्या. पुण्याच्या एक ग्राहक ताई मे महिन्यात रत्नागिरीला माहेरी आल्या होत्या, त्यांना विचारायचं ठरलं.

माझा पहिला प्रश्न होता, “आंबे कसे वाटले?” उत्तर आलं, “खूप छान, अगदी घरच्यासारखे, सगळ्यांनी नक्की घ्या.” व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तर एका ताईंनी लगेच विचारलं, “पेटीत खराब किती निघतात?” आमच्या व्हिडिओत त्याचं उत्तरच नव्हतं!

चूक ग्राहक ताईंची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. ‘कसे वाटले’ असं विचारलं की माणूस भिडेखातर कौतुकच करतो. वर्गातही ‘सहल कशी झाली?’ विचारलं की ‘मज्जा आली’ एवढंच हाती लागतं. तेच ‘बसमधून उतरल्यावर सगळ्यात आधी काय दिसलं?’ असं विचारा, मूल बोलू लागतं.

आधी शंका शोधा, मग प्रश्न

न पाहता, आगाऊ पैसे भरून पेटी मागवणाऱ्याच्या मनात काय असतं? फळं दबलेली आली तर? पिकलीच नाहीत तर? आणि साका निघाला तर? साका म्हणजे हापूसच्या आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव होणं. तो वरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणून तर ग्राहक धास्तावलेला असतो. अशी एकेक शंका घेऊन मी पुन्हा प्रश्न लिहिले:

१. याआधी तुम्ही आंबे कुठून घ्यायचा? तेव्हा काय अडचण यायची?
२. आमची पेटी मागवण्याआधी मनात कसली शंका होती?
३. पेटी उघडलीत तेव्हा काय दिसलं? फळं कच्ची होती की पिकलेली?
४. खायला पहिला आंबा कितव्या दिवशी काढलात?
५. चोवीस आंब्यांपैकी टाकावे किती लागले? कशामुळे?
६. त्यानंतर तुम्ही काय केलंत?

क्रम पाहा: आधीची स्थिती, शंका, घडलेलं, मोजलेलं आणि शेवटी कृती. ‘पुन्हा घ्याल का?’ असं मी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘काय केलंत’ विचारल्यावर खरं काय ते कळतं.

विचारताना

आदल्या दिवशी फोनवर विषय सांगा, पण लिहिलेले प्रश्न देऊ नका. दिले की पाठ केलेली उत्तरं येतात. फक्त एवढं सांगा, “पेटी कधी आली, किती आंबे खराब निघाले, जरा आठवून ठेवा. फोनमध्ये फोटो असतील तर बघा.” आठवणीतला आकडा डळमळीत असतो, फोटोची तारीख पक्की असते. आठवत नसेल तर त्यांनी ‘साधारण’ म्हणावं, आपण नेमका आकडा त्यांच्या तोंडी घालू नये.

दुसरी गोष्ट, उत्तर पूर्ण वाक्यात मागा. व्हिडिओत तुमचा आवाज कापला जाणार असतो. नुसतं ‘तीन’ ऐकून कुणाला काय कळणार? “चोवीसपैकी तीन टाकावे लागले” असं हवं.

तिसरी, उत्तर संपल्यावर मनात तीन अंक मोजेपर्यंत गप्प राहा. नेमकी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते. आणि ‘छान’, ‘मस्त’ असा शब्द आला की हळूच विचारा, “म्हणजे कसं?”

तयार झालेली संहिता

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा वीस मिनिटं बोलणं झालं. त्यातून दीड मिनिटाचा व्हिडिओ निघाला. संहिता आधी नाही, बोलणं झाल्यावर लिहायची. कागदाच्या डावीकडे दृश्य, उजवीकडे ताईंचेच शब्द:

- ० ते १५ सेकंद. दृश्य: ताई बोलताना. “आम्ही दरवर्षी बाजारातून घ्यायचो. वरून पिवळेधमक, पण कापल्यावर आंबट. म्हणून न बघता मागवायला मी घाबरतच होते.”
- १५ ते ४५ सेकंद. दृश्य: पेटी, पेंढा, कच्ची फळं. “पेटी दुसऱ्या दिवशी आली. सगळे आंबे हिरवे. मी म्हटलं, फसले! त्यांनी पेंढ्यातच ठेवायला सांगितलं. सहाव्या दिवशी पहिला आंबा काढला.”
- ४५ ते ७५ सेकंद. दृश्य: कापलेला आंबा. “चोवीसपैकी तीन टाकावे लागले. दोनांत साका होता, एक देठाकडे काळा पडला होता. मी फोटो पाठवला, तर पुढच्या पेटीत त्यांनी तीन जास्त घातले.”
- ७५ ते ९० सेकंद. दृश्य: ताई. “नंतर मी अजून दोन पेट्या मागवल्या. एक आमच्यासाठी, एक सासूबाईंकडे.”

जे वाक्य कापायचं होतं

गटातल्या एकीचा आग्रह होता, “बाई, साक्याचं काढून टाका, गिऱ्हाईक पळेल.” तिची भीती खोटी नव्हती, तिचे पैसे त्यात अडकलेले होते. पण तेवढं काढलं तर तीन जास्त आंबे पाठवल्याचंही जातं, आणि उरतं पुन्हा ‘छान छान’. शेवटी वाक्य ठेवलं. पुढच्या फोनांत लोक ‘साका निघाला तर बदलून देता ना?’ असं विचारू लागले, आणि त्याला गटाकडे उत्तर होतं.

ग्राहकाच्या तोंडी काय घालू नये

ग्राहक फक्त स्वतः पाहिलेलं सांगू शकतो. ‘हा अस्सल रत्नागिरीचाच’ हे त्या ताई कशावरून सांगणार? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मूळ कुठलं याचा पुरावा विक्रेत्याने आपल्या नोंदणीच्या कागदाने द्यावा.

तसंच कोकम सरबताबद्दल कुणी म्हणालं, “माझं पित्त आठ दिवसांत बरं झालं,” तर ते कितीही नेमकं असलं तरी वापरू नका. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो अशी जाहिरात करायला अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि पुरेशा माहितीवर किंवा त्याच्या अनुभवावर आधारलेलं हवं. बोलणारी व्यक्ती नात्यातली असेल किंवा तिला पेटी फुकट दिली असेल, तर तेही व्हिडिओत सांगायला हवं. आणि कापून जोडलेला व्हिडिओ आधी ग्राहकाला दाखवून त्यांचा होकार घ्या.

ही संहिता मी नंतर चौथीच्या वर्गात नेली. मुलांना फक्त उत्तरं वाचून दाखवली आणि विचारलं, “प्रश्न काय असेल?” पाचव्या प्रश्नासाठी एका मुलाने लिहिलं, “आंबे गोड होते का?” बाकीची मुलं म्हणाली, “मग तीन कुठून आले?” प्रश्न कुठे चुकतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं.