बिरिस्ता

बिरिस्ता म्हणजे उभा, पातळ चिरून तेलात सोनेरी व कुरकुरीत होईपर्यंत तळलेला कांदा होय. बिर्याणीच्या थरांमध्ये तो पसरतात, तसेच चुरडून मांस मुरवण्याच्या मसाल्यात मिसळतात.

कांद्याचे काप सारख्याच जाडीचे, सुमारे दीड ते दोन मिलिमीटर असावे लागतात. अन्यथा पातळ काप करपतात आणि जाड काप कच्चे राहतात. पाकळ्या सुट्या करून, कांदा बुडेल इतक्या तापलेल्या तेलात थोड्या थोड्या तळतात. एकाच वेळी जास्त कांदा घातल्यास तेल थंड होते व कांदा तळला न जाता शिजून मऊ पडतो. तेल फार तापलेले असल्यास आतील पाणी निघण्यापूर्वीच कडा काळ्या होतात. म्हणून आच मध्यम ठेवून कांदा सतत हलवतात.

पाणी आटत आले की तेलातील बुडबुडे कमी होतात आणि त्यानंतर रंग झपाट्याने बदलतो. बाहेर काढल्यावरही अंगच्या उष्णतेने कांदा गडद होत राहतो. त्यामुळे तो फिकट सोनेरी असतानाच झाऱ्याने निथळून काढावा लागतो. तपकिरी होईपर्यंत थांबल्यास तो कडवट होतो.

काढलेला कांदा कागदावर एकाच थरात पसरतात, कारण ढिगात वाफ कोंडून तो मऊ पडतो. अर्धा किलो कांद्यापासून साधारणतः सव्वाशे ग्रॅम बिरिस्ता मिळतो. पूर्ण थंड झाल्यावर तो हवाबंद डब्यात भरून शीतकपाटात ठेवतात. खवट वास आल्यास तो वापरत नाहीत. उरलेले सुगंधी तेल बिर्याणीतच वापरले जाते.