वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

एका गोष्टीच्या वाचनाखाली मी बासरी टाकली होती. ऐकून पाहिलं तर ‘तो परत आला नाही’ यातलं ‘नाही’ बासरीत बुडालेलं. गोष्टच उलटी झाली. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात आणि वाचणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच उतरतो. निवेदनाखाली संगीत देताना खरी काळजी घ्यायची ती या टोकाची.

निवेदन सुरू झालं की संगीत आपोआप खाली जातं आणि थांबलं की वर येतं, याला ऑटो डकिंग म्हणतात. Audacity या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते Auto Duck नावाने मिळतं. संगीताचा ट्रॅक वर आणि निवेदनाचा त्याच्या लगेच खाली ठेवायचा, मग फक्त संगीत निवडून Auto Duck चालवायचं.

Threshold म्हणजे उंबरठा. निवेदनाची पातळी त्याच्या वर गेली की संगीत दबतं. तो मुळात -30 डेसिबलवर असतो. माझं उतरलेलं ‘नाही’ त्याच्याही खाली गेलं होतं, म्हणून मी उंबरठा -36 वर आणला. फार खाली नेणंही चालत नाही, कारण मग पंख्याची घरघरसुद्धा बोलणं समजली जाते आणि संगीत शेवटपर्यंत दबलेलंच राहतं. लहरींच्या चित्राकडे पाहिलं की हे लगेच कळतं: सगळी पट्टी एकसारखी बारीक दिसते.

दुसरी कळ Maximum pause. आवाज उंबरठ्याखाली गेल्यावर विराम किती लांबला तर संगीताने वर यायचं, ते ही ठरवते. तिथे अर्धा सेकंद ठेवला, तर निवेदकाने जरा जास्त वेळ श्वास घेतला की बासरी उसळते आणि पुढच्या शब्दाआधी पुन्हा दबते. हा हेलकावा फार त्रास देतो. मी दीड सेकंद ठेवला. त्याने परिच्छेदातल्या वाक्यांचं हळू टोकही सांभाळलं जातं आणि परिच्छेद संपल्यावर बासरीला वर यायला जागाही मिळते.

दबायचं किती? मूळ नेमणूक 12 डेसिबलची, म्हणजे लहरींची उंची साधारण एक चतुर्थांश. मुळात निवेदनाच्याच पातळीचं संगीत असेल तर एवढं पुरत नाही. वेबवरच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, सर्वांत वरच्या पातळीवर, पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान 20 डेसिबल खाली असावा असं सांगितलं आहे. ऐकू कमी येणाऱ्यांचा विचार केला तर मला ते पटतं. मी संगीत आधीच 8 डेसिबलने कमी केलं आणि मग 12 दाबलं.

शब्द असलेलं गाणं मात्र कितीही दाबलं तरी कान त्याच्यामागे जातो, म्हणून निवेदनाखाली मी वाद्यच घेते. शेवटी सगळं फोनच्या छोट्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, हातात संहिता न घेता ऐकते. संहिता समोर असली की न ऐकलेलं ‘नाही’ही डोळे वाचून टाकतात.